तांबडी माती आणि सपाट डोंगर: रत्नागिरी की माथेरान?

"आजोबांच्या अल्बममधील या रंगीत फोटोत घर, पाटी काहीच नाही. समोर तांबडी माती, मागे सपाट माथ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा डोंगर. घरचे रत्नागिरी म्हणतात, मला माथेरान वाटते. ठरवता येईल का?"

रत्नागिरी नसावी; मात्र माथेरानच आहे असे केवळ या फोटोवरून म्हणता येणार नाही.

मातीच्या रंगाने सुरुवात करू नये, कारण संध्याकाळचा प्रकाश किंवा जुना प्रिंट तपकिरी मुरुमालाही तांबडा करून टाकतो. तुमच्या फोटोत आजोबांचा सदरा पांढराच दिसतो, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवता येतो. तरीही वाटेवर पसरलेली माती बाहेरून आणलेली असू शकते, म्हणून मी उजवीकडची कापलेली कड मोठी करून पाहिली. तेथील दगड विटकरी असून त्यात मधाच्या पोळ्यासारखी भोके आहेत. तो जांभा आहे. काळा दगड झिजला, तर सहसा कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे दिसतात, आणि येथे तसे काही नाही.

जांभा रत्नागिरीतही आहे आणि माथेरानच्या माथ्यावरही. घरच्यांचा गोंधळ तिथेच झाला असावा. फरक जांभ्याच्या खाली दिसतो. रत्नागिरीचा सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट पठार, समुद्रसपाटीपासून साधारण 100 ते 200 मीटरच उंच असतो, आणि त्याची कड खाडीकडे उतरते. तुमच्या फोटोत मागच्या डोंगरावर मात्र काळा कडा, मग हिरवा उतार, पुन्हा काळा कडा, असे चार पट्टे मोजता येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांतील घट्ट भागाचे कडे राहिले आणि सच्छिद्र, ठिसूळ भाग झिजून उतार झाले. एवढ्या पायऱ्या दिसायला काही शे मीटरची उंची लागते, आणि ती सड्याकडे नसते.

पट्ट्यांची पातळीही पाहा. मी ठाण्यात राहतो. आमच्या मुंब्रा-पारसिकच्या डोंगरात हे थर पश्चिमेकडे झुकलेले आहेत, कारण पनवेलच्या आसपास उत्तर-दक्षिण पट्ट्यात सगळा खडकच समुद्राकडे वाकला आहे. तुमच्या फोटोतील पट्टे जवळजवळ आडवे आहेत, म्हणजे ही जागा त्या वाकलेल्या भागाबाहेरची असावी. कॅमेरा तिरका धरला असता, तर शेजारची झाडेही कललेली दिसली असती. अर्थात, झुकाव थेट आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर असेल, तर पट्टे आडवेच भासतात, म्हणून हा पुरावा मी दुय्यम मानतो.

आता अडचण अशी, की जांभ्याची टोपी आणि खाली काळ्या पायऱ्या हीच रचना महाबळेश्वर आणि पाचगणीलाही आहे. खडक या तिघांत निवड करून देणार नाही. त्यासाठी त्याच सहलीतील दुसरा फोटो शोधा, ज्यात पठाराखालची दरी दिसते. माथेरानच्या पायथ्याशी कोकणातील सखल, सपाट मुलूख दिसेल. पाचगणीखाली कृष्णेचे खोरे दिसेल.