6 लाखांचे 7 वर्षांत 10 लाख होण्यासाठी व्याजदर किती हवा?

माझ्याकडे आज 6 लाख रुपये आहेत. 7 वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी त्याचे 10 लाख व्हायला हवेत. किती टक्के व्याज मिळायला हवं आणि ते कसं काढायचं?

व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळत असेल, तर आपल्याला साधारण 7.57 टक्के दर लागेल.

ठाण्यात एका पतसंस्थेत मी बरीच वर्षे ठेवींचे हिशेब पाहिले. तिथे हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण 4 लाखांच्या वाढीला आधी 6 लाखांनी आणि मग 7 वर्षांनी भागून 9.52 टक्के असे उत्तर घेऊन येत. ते उत्तर सरळव्याजाचे आहे. ठेवीत व्याजावरही व्याज मिळत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच कमी दर पुरतो.

साध्या कॅल्क्युलेटरवर हे अंदाजाने शोधता येते. 7 टक्के धरून 1.07 हा आकडा सात वेळा एकमेकांशी गुणला की 1.6058 येतात, म्हणजे 6 लाखांचे सुमारे 9,63,470 रुपये होतात. 8 टक्क्यांनी तेच 10,28,295 होतात. याचा अर्थ आपला दर या दोहोंच्या मधे आहे. 7 टक्क्यांना 36,530 रुपये कमी पडतात आणि दोन उत्तरांतले अंतर 64,825 रुपयांचे आहे, म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागून आलेले 0.56 हे 7 मध्ये मिळवावेत. 7.56 हे उत्तर किंचित कमी येते, कारण चक्रवाढीची रेषा वर वळत जाते आणि आपण ती सरळ धरली.

संगणकावर एक्सेलमध्ये एका ओळीत नेमके उत्तर मिळते:

```
=(1000000/600000)^(1/7)-1
```

यातला `1/7` भोवतीचा कंस विसरला, तर उत्तर उणे 76 टक्के येते, त्यामुळे चूक लगेच कळते.

मात्र भारतातल्या बँका मुदत ठेवीवर बहुधा दर तिमाहीला चक्रवाढ करतात. अशा वेळी 7 वर्षांच्या 28 तिमाही धराव्यात, वरच्या सूत्रात `1/7` ऐवजी `1/28` घालून 28 वे मूळ काढावे आणि आलेला दर 4 ने गुणावा. उत्तर 7.36 टक्के येते. बँकेच्या फलकावरच्या दराशी हाच आकडा ताडून पाहावा, 7.57 नव्हे.

समजा, आपल्या बँकेत 7 टक्केच मिळत असतील, तर त्या तिमाही हिशेबाने 6 लाखांचे सुमारे 9,75,250 रुपये होतील. व्याजावरचा कर यात धरलेला नाही. दर हाती नसला तरी मुद्दल आपल्या हाती असते: आजच 6 लाखांऐवजी सुमारे 6,15,250 रुपये ठेवले, तर 7 टक्क्यांनीही 10 लाख होतात.