रद्दीवाल्याला फोन करून सांग, येऊ नको

ताई, नमस्कार. हे या महिन्याच्या 31 तारखेला रेल्वेतून रिटायर होताहेत. लोको पायलट आहेत, मालगाडीपासून मेल-एक्सप्रेसपर्यंत पोचले. 29 ला शेवटची गाडी, 31 ला ऑफिसात निरोप आणि संध्याकाळी आम्ही हॉल घेतलाय. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, माझी अजून दोन वर्षं आहेत. हॉलमध्ये मी यांच्यासाठी काहीतरी वाचावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पुण्याच्या मुलीने, पिंकीने, छान मजकूर पाठवला, 'तुम्ही माझ्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिलात, मला नोकरी करू दिली, तुमच्यामुळेच मी इथवर आले' असा, पण वाचताना मलाच परकं वाटतं. स्वतः लिहायला बसले तर दोन ओळींच्या पुढे जात नाही, आमच्यात बोलणं कमीच झालं हो, हे घरी तर मी ड्युटीवर. पाहुणे येणार म्हणून घर आवरायला काढलंय. माळ्यावरची जुनी कॅलेंडरं रद्दीत द्यायची आहेत (आम्ही दोघं त्यावर ड्युट्या लिहायचो, यांची निळ्या पेनने माझी लाल, बाजूला कधी 'सांबार आणला' कधी 'पिंकीला ताप, 5 ला औषध'), तेवढं झालं की निवांत बसून लिहीन म्हणते. काय लिहू, सांगा.
— अजनीची एक वाचक

बाई, आधी रद्दीवाल्याला फोन कर आणि सांग, येऊ नको. बाकीचं नंतर.

तू काय फेकून राहिली आहेस हे तुझं तुलाच दिसत नाहीये म्हणून मला जरा रागच आला, खरं सांगते. एकीकडे म्हणतेस बोलणं कमी झालं, लिहायला सुचत नाही, आणि त्याच दमात कंसात सांगून टाकतेस की आमचं सगळं बोलणं कॅलेंडरवर आहे आणि ते मी रद्दीत देतेय. अगं, इतकी वर्षं दोन वेगळ्या ड्युट्या करणारे नवरा-बायको एकमेकांना काय सांगत होते ते तारीखवार लिहून ठेवलेलं किती घरांत असतं? 31 ला त्यांना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, सेटलमेंटचे कागद मिळतील, पेन्शनच्या फॉर्मासाठी तुमच्या दोघांचा एकत्र फोटोही काढून झाला असेल. घर कसं चाललं हे त्यातल्या एकाही कागदावर नाही. ते माळ्यावर आहे.

आता ती पानं वाचायची कशी ते सांगते, कारण नुसतं 'सांबार आणला' वाचून तुला वाटेल यात काय आहे. तुझी लाल ड्युटी आधीच कळायची, वॉर्डात ड्युटी लिस्ट लागायची आणि तू घरी येऊन दोन ते आठ कुठली, नाईट कुठल्या, सगळं एकदम मांडून ठेवायचीस. निळ्या पेनचं तसं नव्हतं. मालगाडीवरच्या माणसाला आज कुठे जायचं हे सकाळी माहीत नसतं, कॉल येतो तो दोन तास आधी, जुन्या काळी तर कॉलमन वही घेऊन दारात यायचा आणि सही घेऊन जायचा. त्या दोन तासांत आंघोळ, डब्बा, रनिंग रूमला न्यायची कणीक-डाळ-तांदूळ, लॉबीत जाऊन साइन ऑन. आमल्याला जाणार की इटारसीला की बल्लारशाला ते कळलं, आता परत कधी येणार ते काही कळलं नाही, कारण मालगाडी लूप लाइनला उभी राहते आणि मेल सगळ्या पुढे निघून जातात. म्हणजे मालगाडीच्या काळातलं कॅलेंडरवरचं जवळजवळ प्रत्येक निळं अक्षर एक तर त्या दोन तासांतलं आहे, नाही तर गाडीवरून उतरून झोपायच्या आधीचं. त्या घाईत माणूस बाजारातून सांबाराची जुडी घेऊन आला आणि तू येऊन परत चक्कर मारू नये म्हणून तसं लिहून गेला. मुलीच्या मजकुरातला 'खंबीरपणे उभे राहिलात' याच्यापुढे काहीच नाही.

आणि 'नोकरी करू दिली' हे तर खोडूनच टाक. नोकरी तू केलीस, नाईट तू केल्या, आणि घराला दोन पगार लागत होते. त्यांनी परवानगी दिली म्हणून आभार मानशील तर त्यांनी खरंच जे केलं ते मागे राहून जाईल. मुलीचं मन दुखेल वगैरे विचार करू नको, तिने प्रेमाने पाठवलं असेल पण तो मजकूर कुठल्याही बायकोने कुठल्याही नवऱ्यासाठी वाचला तरी चालतो, तुला परकं वाटलं ते बरोबरच वाटलं.

मी त्या दुसऱ्या नोंदीवर अडकून राहिले आहे, 'पिंकीला ताप, 5 ला औषध'. तू पेन कुठलं ते लिहिलं नाहीस, जाऊन बघ. निळं असेल तर तू नाईट करून झोपली होतीस, त्यांना कॉल आला आणि तुला उठवायला नको म्हणून ते लिहून गेले. लाल असेल तर तू दोन ते आठला निघालीस आणि ते घरी होते, बहुतेक रात्रभर गाडी चालवून आलेले. आता तुला मी काय सांगणार, लोको पायलटची मोठी ड्युटी झाली की घरी सोळा तासांची रेस्ट असते ती काही कौतुकाची सुटी नसते, पुढच्या रात्री सिग्नल बघायला डोळे उघडे राहावे म्हणून ती झोप असते, तू पोरांना ओरडून गप्प करत असशील तेव्हा. त्या झोपेतून उठून कोणीतरी 5 ला औषध दिलं. पेन कुठलंही निघो, तुझी चिठ्ठी तिथेच आहे.

तर आज रात्री, नाईट नसेल तर आजच, गठ्ठा खाली काढ. सगळी वर्षं वाचत बसू नको, रडत बसशील आणि 29 तारीख येईल. लाल आणि निळं एकमेकांवर आदळलेलं पान शोध, म्हणजे त्याच दिवशी तुझी ड्युटी आणि त्यांचाही कॉल, किंवा तुझी नाईट संपते तेव्हाच ते परत येतात असं. जिथे खाडाखोड आहे, ड्युटी चेंज केल्याची खूण आहे, तिथे थांब, काहीतरी घडलेलं असतं. मे महिना दिसला तर नक्की बघ, आपल्या नागपूरच्या मे मध्ये दिवसा झोपणारी दोन माणसं आणि कूलर एका खोलीत, तिथे कोण झोपलं आणि कोण दुसऱ्या खोलीत ओला पंचा अंगावर टाकून पडलं ते तुला पानावर नसलं तरी आठवेल. असं एक पान घे. एकच.

मग लिही. समजा औषधाचं पान लाल निघालं, तर मी असं लिहीन, तारीख माझ्या मनाची आहे, तू तुझी घाल:

'अहो, 2004 च्या ऑगस्टचं पान माझ्या हातात आहे. 17 तारखेला माझी दोन ते आठ होती आणि तुम्ही सकाळी इटारसीहून आला होता. निघताना मी लाल पेनने लिहिलं, पिंकीला ताप, 5 ला औषध. तुम्ही गाढ झोपलेले, उठवणारं घरात कोणी नव्हतं. रात्री मी आले तेव्हा बाटलीतलं औषध कमी झालं होतं, पोरीचा ताप उतरला होता, आणि तुम्ही तिच्या शेजारीच झोपून गेला होता. तेव्हा मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक डोक्यात होता. आज सांगते. त्या दिवशी वॉर्डात 5 वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. इतक्या वर्षांत ड्युटीवर असताना मला घराच्या काळजीने घड्याळ बघावं लागलं नाही, म्हणून मी माझं काम नीट करू शकले. त्याबद्दल धन्यवाद. माझी अजून दोन वर्षं आहेत. नाईटहून येईन तेव्हा तुम्ही घरी असाल, हे मला फार आवडणार आहे.'

बस. इथे थांबायचं, खाली कविता जोडायची नाही, सुविचार नाही. 'सोबत', 'साथ', 'त्याग' असले शब्द आले तर काढ आणि त्या जागी त्या दिवशी हाताने काय केलं ते लिही. एक पान कागद पुरे, मोठ्याने वाचलं तर दीड-दोन मिनिटांत संपतं. टाइप नको, हाताने लिही, त्यांना तुझं अक्षर घाईतलंच माहीत आहे.

द्यायची कधी हे पण ऐक, कारण इथे लोक चुकतात. 29 ला डब्ब्यासोबत पिशवीत ठेवशील, तसं करू नको, शेवटची गाडी असली तरी गाडीच आहे आणि हे वाचून त्यांचे डोळे भरले तर सिग्नल कोण बघेल. ते परत येऊ दे, साइन ऑफ होऊ दे, हार-फुलं-फोटो सगळं होऊन घरी येऊन जेवू दे, मग त्याच रात्री ते पान आणि ही चिठ्ठी दोन्ही हातात दे आणि तिथेच बस, स्वयंपाकघरात निघून जाऊ नको. 31 ला हॉलमध्ये ही वाचायची नाही. तिथे माइक कुरकुरतो, शाल-श्रीफळ झालं की अर्ध्यांचं लक्ष जेवणाकडे असतं, लॉबीतले लोक त्यांना हसवायला बघतात आणि ते पण सगळ्यांपुढे हसून घालवतील, तुला कळणारच नाही त्यांना काय वाटलं. हॉलमध्ये आलेल्यांचे आभार मान, यांच्या गाडीच्या वेळा सांभाळून घेणारे शेजारी असतील तर त्यांची नावं घे, पुरे.

आणि मुलीला सांग, तुझा मजकूर मी वाचणार नाही, तुला माइकवर बोलायचं असेल तर तुझं तू लिही. ताप तिला आला होता, औषध तिने प्यायलं होतं, त्या दुपारचं तिला तुझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.