‘कम्युनिकेशन वीक’ म्हणजे नेमकं काय?

“मी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो, मूळचा पुण्याचा. टेक्निशियनच्या मुलाखतीला किनवटकडच्या तांड्यावरचा एक मुलगा आला होता. घरी गोरमाटी बोलणारा, मराठी तुटक, मान खाली. आम्ही तिघांनीही ‘कम्युनिकेशन वीक’ लिहून मोकळे झालो. आता मनाला खातंय. पण शिफ्टमध्ये बोलावं तर लागतंच ना?”

ते भेटायला आले तेव्हा मी आधी मुलाखतीचे कागद मागितले. तिघांच्या कागदांवर शेरेच होते: ‘वीक’, ‘कॉन्फिडन्स नाही’, ‘शाय’. मुलगा काय बोलला हे कुठेच नव्हतं. सुदैवाने या मेंटेनन्सच्या साहेबांना डायरीत टिपून ठेवायची सवय.

प्रश्न होता: हायड्रॉलिक प्रेसचं प्रेशर सारखं पडतंय, काय कराल? डायरीत त्याचं उत्तर होतं, “टाकीतलं तेल बगतो. सक्शनची जाळी काढायची तर आदी मशीन बंद, लॉक लावतो, प्रेशर सोडतो. मंग रिलीफ व्हॉल्व्ह. नाही तर शिलिंडरचं सील गेलं असंल.” एवढंच. याला 5 पैकी 2.

दुसरा उमेदवार शहरातला, बोलायला चटपटीत. ‘रूट कॉज शोधू’, ‘टीमला सोबत घेऊ’, ‘सिस्टिमॅटिक जाऊ’ असं बरंच काही. सुटा भाग त्याने एकच सांगितला, पंप. लॉकचा उल्लेखही नाही. त्याला 4.

साहेबांना मी एक गोष्ट करायला लावली. या प्रश्नाचं चांगलं उत्तर कशाला म्हणायचं, ते उमेदवारांची नावं बाजूला ठेवून लिहा. त्यांनी लिहिलं: वीज तोडून, मधेच कुणी मशीन चालू करू नये म्हणून लॉक लावणं आणि साठलेलं प्रेशर सोडणं आलंच पाहिजे, नाहीतर 2 च्या वर गुण नाहीत. लॉकसोबत दोन कारणं क्रमाने आली तर 3, चार आली तर 4, आणि कोणतं कारण कसं ओळखायचं हेही सांगितलं तर 5. मग डायरी पुन्हा वाचली. किनवटच्या मुलाला 4 पडले, दुसऱ्याला 1. साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले.

ही मोजपट्टी मुलाखतीच्या आधी लिहायची असते, आणि प्रत्येकाने आपापले गुण चर्चेआधी मांडायचे असतात. नाहीतर सगळ्यात मोठा साहेब दार लागल्याबरोबर “बोलता येत नाही हो” म्हणतो आणि बाकीचे आपला आकडा खाली ओढतात.

आता त्यांची दुसरी शंका, आणि ती रास्त होती. शिफ्टमध्ये बोलावं लागतं. पण काय? चौकशी केली तर दोनच कामं निघाली: शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला पाच मिनिटांत सगळं सांगणं आणि ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये मराठीत नोंद करणं. मग तेच तपासायचं. सगळ्यांना एकाच बिघाडाची माहिती द्या, नोंद लिहायला सांगा, तोंडी सांगायला लावा. कोणतं मशीन, काय झालं, काय केलं, काय उरलं, या चार गोष्टी समजल्या का एवढंच बघा. ‘बगतो’, ‘असंल’, ‘करायलो’ याला गुण नाहीत आणि दंडही नाही. परदेशी ग्राहकाशी फोनवर इंग्रजी बोलायची जागा असती, तर इंग्रजीचीही वेगळी चाचणी घ्यायला हरकत नव्हती. मात्र सगळ्यांची.

पॅनेलच्या वागण्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या. मनातल्या मनात दुसऱ्या भाषेतून मराठीत येणाऱ्याला वेळ लागतो, तेव्हा प्रश्न विचारून थोडं थांबा. “अजून काय बघाल?” हा धागा द्यायचा तर प्रत्येकाला द्या, फक्त अडखळणाऱ्याला किंवा फक्त आवडलेल्याला नाही. दुसरं, तो मुलगा सारखा “आम्ही केलं” म्हणत होता, त्यावर शेरा होता ‘स्वतःचं काम नाही’. थोरामोठ्यांपुढे ‘मी, मी’ करू नये अशी आपल्याकडे शिकवण असते. खाली मान त्यातलीच. “त्यात तुमच्या हातचं काम कोणतं?” असं विचारलं असतं तर कळलं असतं.

दोघांना पुन्हा बोलावलं. शहरातल्या मुलाने शिफ्ट-बदलाच्या चाचणीत चारही गोष्टी नीट सांगितल्या; किनवटचा मुलगा ‘काय उरलं’ हे विसरला, तीनच आल्या. तांत्रिक प्रश्न नव्याने विचारले, त्यात तो बराच पुढे राहिला, लॉकसकट. जागा त्याला मिळाली. उरलेल्या कामाचा रकाना साहेबांनी रजिस्टरमध्येच छापून घेतला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, जुनी माणसंही तेच विसरायची.