रामरक्षा थांबवलेल्या मुलाला आईचं पत्र

*"मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. सासूबाई आजारी होत्या तेव्हा तीन महिने रोज रामरक्षा म्हणायचा. त्या गेल्या. आता म्हणतो, माझा प्रार्थनेवर विश्वास नाही. संध्याकाळी दिवा लावताना खोलीबाहेर येत नाही. बोलायला गेलं की भांडण होतं, म्हणून पत्र लिहायचंय. काय लिहू?"*

ताई, लिहायला बसण्याआधी रामरक्षेतला एक श्लोक अर्थासकट वाचा: 'एतां रामबलोपेतां रक्षां यः सुकृती पठेत् । स चिरायुः सुखी पुत्री विजयी विनयी भवेत् ॥' जो म्हणेल तो दीर्घायुषी होईल, सुखी होईल, असं सरळ आश्वासन आहे. मुलाने हे तीन महिने रोज म्हटलं. शाळेत संस्कृत असेल तर 'चिरायुः' त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शब्द पाळला गेला नाही, एवढंच तो म्हणतोय. यात उर्मटपणा नाही.

'श्लोक म्हणणाऱ्यापुरता आहे, आजीसाठी नाही' अशी पळवाट पत्रात काढू नका. ती वकिली त्याला लगेच कळेल. 'तिचे भोग संपले', 'देवाला ती आवडली' हेही नको. सर्वांत घातक वाक्य म्हणजे 'मनापासून म्हटलं असतंस तर'. त्याने आजीचा मृत्यू पोराच्या माथी बसतो. या वयाची मुलं ही शंका आधीच मनात घेऊन फिरत असतात, म्हणून ती पत्रानेच काढून टाकायला हवी. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' असं स्पष्ट लिहा.

पत्र एक पानभर, हाताने लिहिलेलं. व्हॉट्सॲपवर नको, तिथे तो दोन अक्षरांत उत्तर देऊन मोकळा होईल. कच्चा खर्डा असा:

> तू म्हणालास, 'माझा प्रार्थनेवर विश्वास नाही.' तेव्हा मी ओरडले. ते चुकलं.
>
> तीन महिने तू आजीच्या पलंगाशी बसून रामरक्षा म्हणत होतास. ती गेली ती आजाराने. तुझं म्हणणं कमी पडलं म्हणून नाही, एखादा दिवस चुकला म्हणूनही नाही. मग मागितलेलं का मिळालं नाही, हे मला माहीत नाही. मी स्वतः अजून दिवा लावते, कारण मला त्याने उभं राहायला बळ येतं. तुलाही यावं अशी सक्ती नाही.
>
> संध्याकाळी हात जोडायला मी तुला बोलावणार नाही. आजोबा शुभंकरोति म्हणतात तेवढी पाच मिनिटं मोबाईलचा आवाज बंद ठेव, इतकंच मागते. आजोबांशी मी बोलेन, ते तुझ्यावर नाही.
>
> आजीबद्दल बोलावंसं वाटलं तर देवाचं नाव न घेताही बोलता येईल.

खर्ड्यात त्याचं वाक्य जसंच्या तसं आहे. तुमच्या पत्रातही तसंच ठेवा. 'तू नास्तिक झालास' असं लिहिलंत तर जे तो म्हणालाच नाही त्यावर वाद सुरू होईल. प्रार्थनेने मागितलेलं मिळत नाही, देव नाही आणि मला हे रोज करायचं नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने पहिलीच सांगितलीय. दहावीचं वर्ष, 'मोठा झालास की कळेल', 'लोक काय म्हणतील' यातलं एकही वाक्य आलं की पत्र उपदेशाचं होतं आणि तो अर्ध्यावर ठेवून देतो.

घरात दोन मतं नांदणं आपल्याकडे नवं नाही. गोपाळ गणेश आगरकर देव मानत नव्हते, तरी यशोदाबाईंच्या पूजाअर्चेला त्यांनी आडकाठी केली नाही. तुमच्या घरी बाजू उलट आहे, रीत तीच ठेवा. गणपतीत मखर बांधायला, मूर्ती आणायला तो येईल. आरतीला उभा राहिला नाही तर राहू द्या. 'पाहुण्यांपुरतं तरी हात जोड' हे मात्र मागू नका. न मानता मानल्यासारखं करायचं, हेच तो त्यातून शिकेल.

एका बाबतीत पत्र पुरणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि जेवण बिघडलेलं असेल, मित्रांना टाळत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा असेल, तर प्रश्न प्रार्थनेचा राहिलेला नाही. समुपदेशकाकडे न्या, सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो. 'जगायचं नाही' असं बोलला तर आठवडे मोजू नका, त्याच दिवशी फोन करा आणि त्याला एकटं ठेवू नका.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध जवळ असेल तर पत्र त्याच्या आधी द्या आणि त्या दिवशी तो काय करणार हे त्यालाच ठरवू द्या. पानं वाढणं, आजीच्या आवडीचा पदार्थ करायला मदत करणं, काहीही चालेल. पत्र त्याच्या टेबलावर ठेवून 'वाचलंस का?' म्हणून विचारू नका. संध्याकाळी दिवा लावताना त्याच्या खोलीचं दार बंदच असेल तर ते वाजवू नका.