गॅपला तीन वाक्यं पुरेत, पण तारखा जुळल्या पाहिजेत

"सासूबाईंच्या पॅरॅलिसिसमुळे मार्च २०२१ मध्ये अकाउंट्सची नोकरी सोडली. आता त्या बऱ्या आहेत. कुपवाड एमआयडीसीत अर्ज करायचाय, पण गॅपबद्दल लिहायला बसलं की ईमेलचा माफीनामाच होतो. किती आणि कसं लिहू?"

ताई, वडिलांच्या डायलिसिससाठी मिरजेला खेपा घालताना माझीही नोकरी सुटली होती, म्हणून राहवलं नाही. मी एचआरवाला नाही, अकाउंट्समधलाच आहे. तेव्हा हे माझं मत म्हणून वाचा.

ईमेल वाचणाऱ्याला दोनच शंका असतात: या पुन्हा मध्येच सोडतील का, आणि कामाची सवय मोडली तर नाही ना? आजारपणाच्या हकिगतीतून दोन्हींचं उत्तर मिळत नाही. आधी अनुभव लिहा, मग हे:

"मार्च २०२१ पासून घरातील आजारपणामुळे मी नोकरीत नव्हते. आता ती अडचण राहिलेली नाही, मी पूर्णवेळ रुजू होऊ शकते. मधल्या काळातले जीएसटीचे बदल, उदा. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून जास्त उलाढालीला लागू झालेलं ई-इन्व्हॉइस, मी समजून घेतले आहेत."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. ई-इन्व्हॉइसवरचा आयआरएन नंबर कुठून येतो एवढं विचारलं तरी खरंखोटं कळतं. 'दुर्दैवाने', 'नाइलाजाने', 'कृपया समजून घ्यावे' हे सगळं काढा. कुणी काही विचारलेलं नसताना आपण सफाई देतोय असं त्यातून वाटतं. आजाराचं नावही नको, मुलाखतीत विचारलं तर सांगा.

माझं खरं नुकसान जुन्या ऑफिसने केलं. नाव घेत नाही. नोकरी सोडल्याची तारीख त्यांनी पीएफच्या रेकॉर्डवर टाकलीच नाही. नव्या कंपनीने सर्व्हिस हिस्टरी मागितली, तर त्यात मी अजून जुन्या ठिकाणीच कामाला! ईमेलमध्ये सरळ लिहिलेला गॅप खोटा ठरला आणि ठरत आलेली नोकरी गेली. फोन केला की एकच उत्तर, "साहेब आले की बघू." दुसऱ्याची भाकरी आपल्या एका नोंदीवर अडली आहे, याची त्यांना जराही फिकीर नव्हती. अजून राग येतो.

म्हणून ईमेल पाठवण्याआधी ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. तारीख रिकामी असेल तर Manage मध्ये Mark Exit आहे, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की तारीख आपली आपल्याला टाकता येते, पण ती शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली लागते. चुकीची तारीख पडायला नको, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा. रेझ्युमेतही तीच तारीख घाला. लेटर मिळालंच नसेल तर शेवटची पगारपावती शोधून ठेवा.