सलूनमध्ये नवीन ब्लेड कसं मागावं?

"परळला राहायला आलोय. इथल्या सलूनमध्ये कारागीर ब्लेड बदलतो की नाही, कळत नाही. त्याला वाईट न वाटता कसं सांगू? दुकान स्वच्छ आहे हे कशावरून ओळखायचं?"

खुर्चीत बसतानाच सांगा. तोंडाला फेस लागल्यावर तुम्हालाही बोलता येत नाही आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यालाही ते लागतं. "दादा, ब्लेड माझ्यासमोर लावाल का?" एवढं पुरतं. कारागीर हिंदी बोलणारा असेल तर "भैया, ब्लेड मेरे सामने लगाना." सबबी सांगायची गरज नाही.

आता बघायचं काय? बऱ्याच सलूनमध्ये दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतात आणि अर्धं वस्तऱ्यात चढवतात. उरलेलं अर्धं कागदात गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतात. ते वापरलेलं नसतं, त्यामुळे अर्धं ब्लेड दिसलं म्हणून बिचकू नका. ते कागदातून निघालं की नाही, हे महत्त्वाचं. वस्तऱ्यात आधीपासून ब्लेड असेल आणि तो नुसता टॉवेलला पुसून सुरू करत असेल, तर लगेच थांबवा.

लालबागच्या एका सलूनमध्ये रविवारच्या गर्दीत माझ्याशी असंच झालं. मी विचारलं तर म्हणाला, "आत्ताच लावलंय." मी म्हटलं, "असेल दादा, पण मला बदलूनच द्या. ब्लेडचे पैसे वेगळे घ्या." त्याने बदललं, पैसे घेतले नाहीत. पण जुनं ब्लेड काढलं तेव्हा पकडीच्या खाचेत आधीच्या कुणाचे तरी केस आणि वाळलेला साबण दिसला. अशा खाचेत नवीन ब्लेड बसवून उपयोग काय? म्हणून तीही स्पिरिटने पुसून घेतली. आता मी ब्लेडसोबत हेही सांगतो.

एवढा आग्रह धरण्याचं कारण हेपटायटिस बी. त्याचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो आणि डोळ्यांना रक्त दिसत नसलं तरी तो तिथे असू शकतो. डेटॉलच्या पाण्यात वस्तरा क्षणभर बुचकळला म्हणजे तो मरत नाही.

ब्लेड बदललं तरी तुरटी राहतेच. तोच खडा दिवसभर सगळ्यांच्या ताज्या ओरखड्यांवरून फिरतो. मी सरळ "तुरटी नको, पाणी मारा" म्हणतो. झीरो मशीन मानेला लावण्याआधी तिचे दात बघा. आधीचे केस अडकलेले असतील तर ब्रशने झाडून स्पिरिटने पुसायला सांगा, कारण गजकर्ण असंही पसरतं. आणि वापरलेलं ब्लेड कुठे जातं, तेही पाहा. झाकणाला चीर असलेल्या डब्यात गेलं तर ठीक. खणात परत गेलं, तर मी त्या दुकानात पुन्हा जाणार नाही.

जुन्या ब्लेडने कापलंच, तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हेपटायटिस बीची लस घेतली आहे की नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.