जुन्या डायऱ्या एकत्र वाचताना

प्रश्न: २०१५ पासून डायरी लिहितेय, रोज नाही पण बऱ्यापैकी. सगळ्या वह्या सलग वाचून मी पुन्हा पुन्हा कशाभोवती घुटमळते ते शोधायचं आहे. दोन वह्या वाचून झाल्या. रडू खूप आलं, हाती काहीच लागलं नाही. नक्की कसं वाचायचं?

उत्तर:

वाचताना एक साधी रेघांची वही जवळ ठेवा. डायरीतल्या पानावर मात्र काही लिहू नका, अधोरेखितही करू नका. खुणा केलेलं पान पुढच्या वेळी उघडलं की नजर खुणेवरच जाते आणि उरलेलं पान वाचलंच जात नाही. एका बैठकीला दोन-तीन महिन्यांपुरतंच वाचा. जिथे थबकाल तिथली तारीख आणि डायरीतलं एक वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. स्वतःचं मत लिहायचं नाही. ‘इथे मला असुरक्षित वाटत होतं’ असं लिहिलंत की पुढच्या सगळ्या वह्यांमध्ये तुम्हाला असुरक्षितताच दिसायला लागते. नाव देण्याची घाई केली की शोध तिथेच संपतो. उतरवायला लागल्यावर रडूही थोडं आवरतं, कारण हाताला काम मिळतं.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यात जास्त वेळा आलेला विषय म्हणजे आपलं सूत्र, असं नसतं. आई, ऑफिस, तब्येत, पैसे हे विषय प्रत्येकाच्याच डायरीत येणार. सूत्र सापडतं ते वेगवेगळ्या विषयांखाली तेच वाक्य पुन्हा दिसतं तेव्हा.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते, तिला विचारूनच. ती बँकेत होती. २०११ ते २०१९ च्या तिच्या वह्या आम्ही दोघींनी मिळून वाचल्या. ती वाचायची, मी उतरवून घ्यायचे. तिची खात्री होती की आपलं दुखणं म्हणजे नोकरी. वाक्यं मात्र अशी निघाली. २०१२: ‘दादाचं लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग गाण्याच्या क्लासचं बघू.’ २०१४: ‘बदलीचा अर्ज दिवाळीनंतर देईन, आत्ता सगळे गडबडीत आहेत.’ २०१७: ‘गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवायचंय, पण आधी हिची दहावी होऊ दे.’ गाणं, बदली आणि गुडघा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वाक्याचा साचा मात्र एकच: आधी दुसऱ्या कुणाचं तरी होऊ दे, मग माझं.

असा साचा दिसला की उतरवलेली वाक्यं कागदाच्या चिठ्ठ्यांवर घ्या आणि जमिनीवर मांडा, वर्षांच्या क्रमाने नको, साच्याप्रमाणे. माझा ठोकताळा असा आहे की चिठ्ठ्या किमान तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या आणि आयुष्याच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांतल्या असतील तरच त्याला सूत्र म्हणायचं. एकाच वर्षातल्या वीस चिठ्ठ्या म्हणजे ते वर्ष जड गेलं, एवढंच.

दुसरी चाळणी ऋतूची. सगळ्या वर्षांचा एकच महिना शेजारी शेजारी ठेवून वाचा. मैत्रिणीच्या वह्यांत दर मार्चमध्ये ‘हे सगळं सोडून द्यावंसं वाटतं’ या अर्थाचं काहीतरी होतंच. तिला ते फार खोल वाटत होतं. पण मार्च एंडिंगला बँकेतल्या कुणाचीही डायरी अशीच दिसेल, आणि एप्रिल उजाडला की तिच्याही वहीत त्याचा मागमूस नसायचा. तो ढीग आम्ही बाजूला ठेवला. कुणाच्या वहीत असं जूनमध्ये होईल, शाळा सुरू होताना, कुणाच्या वहीत एखाद्या पुण्यतिथीच्या आसपास.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे म्हणून बहुतेक जण गाळतात, पण खरं तिथेच कळतं. सापडलेल्या सूत्राच्या उलट जाणारी पानं शोधायची. मैत्रिणीने काय पुढे ढकललं नाही? तिने पतपेढीचा हिशेब एका शेजाऱ्यासाठी रातोरात करून दिला होता. वहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी तिने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली होती. म्हणजे ‘मी चालढकल करते’ हे जे ती स्वतःला वर्षानुवर्षं ऐकवत होती ते वह्यांत दिसतच नव्हतं. दुसऱ्याचं काम ती ताबडतोब करत होती. स्वतःच्या कामाला मात्र घरातलं सगळं आटोपून मोकळी जागा व्हावी लागत होती, आणि ती कधीच होत नव्हती. आळस आणि हे, दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. आळस समजून तिने नऊ वर्षं वेळापत्रकं आखली होती. उलटी पानं वाचली नसती तर आणखी एक आखलं असतं.

कोऱ्या दिवसांकडेही बघा. बरेच जण मन भरून येतं तेव्हाच लिहितात, त्यामुळे बरे दिवस वहीत उमटत नाहीत. दोन-दोन महिने कोरे असतील तर त्या काळातले फोनमधले फोटो, पासबुकातल्या नोंदी, प्रवासाची तिकिटं काढा. मैत्रिणीचा २०१६ चा पावसाळा कोरा होता. फोटो काढले तर तो तिच्या भिशीच्या मैत्रिणींबरोबरच्या सहलींचा निघाला. निव्वळ वहीवरून ते वर्ष उदास ठरलं असतं.

काही वर्षं फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लिहिली असतील तर शब्द शोधायचा मोह होईल. जरूर शोधा, पण शब्दाचा न बदलणारा भाग टाका. ‘पाऊस’ टाकलं तर ‘पावसात’ सापडणार नाही, ‘गाणं’ टाकलं तर ‘गाण्याला’ सुटेल. ‘गाण’ टाकलं की दोन्ही सापडतील, पावसासाठी मात्र ‘पाऊस’ आणि ‘पावस’ असं दोनदा शोधावं लागेल. शोधामुळे विषय मोजता येतात. साचा मात्र वाचूनच कळतो.

एक गोष्ट तुम्हाला नक्की छळेल: दर वर्षी तेच ते लिहिलंय, म्हणजे मी जागची हललेच नाही का? हे पाहण्याची एक चांगली खूण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकापासून मनातलं दुखणं लिहून काढण्याचा अभ्यास केला. लिहिण्याचा फायदा झालेल्या लोकांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत जातात, असं त्यांना आढळलं. त्यांचा अभ्यास सलग काही दिवसांच्या लेखनाचा होता, वर्षांचा नव्हे, तरी हीच नजर मी वह्यांना लावते. एकाच साच्याच्या चिठ्ठ्या तारखेने लावा आणि पहिली नि शेवटची शेजारी ठेवा. पहिलीत नुसतं ‘क्लासचं राहूनच गेलं’ असेल आणि शेवटचीत ‘क्लासला गेले नाही, कारण कुणी जा म्हणायची वाट बघत होते’ असेल, तर विषय तोच असला तरी तुम्ही पुढे सरकलेल्या आहात. दोन्ही शब्दशः सारख्या असतील, तर तो ढीग एखाद्या जवळच्या माणसाला वाचून दाखवा. समुपदेशकाकडे जात असाल तर तिथे न्या. एकटीने आणखी दहा वेळा वाचून त्यातून नवं काही निघत नाही.

ज्या दोन वह्यांनी रडवलं त्या सध्या कपाटात ठेवा. मृत्यूचं, आजारपणाचं किंवा घर मोडल्याचं वर्ष असेल तर ते शेवटी घ्यायचं. आधी एखादं साधं, काहीच न घडलेलं वर्ष उघडा. साचा तिथे जास्त स्वच्छ दिसतो, कारण त्याला लपायला मोठी घटना नसते. तो ओळखीचा झाला की मग त्या दोन वह्या काढा, आणि तोच साचा त्या वर्षातही होता का, की ते दुःख सर्वस्वी वेगळं होतं, एवढंच त्यात बघा.